आधी धुवा, मग कापा

गृहविज्ञानाच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं भाज्या चिरणाऱ्या आणि ओटे पुसणाऱ्या मावशींना मुली ‘बादलीमावशी’ म्हणायच्या. त्यात लाड कमी, टवाळी जास्त. पण ती बादली काही मावशींनी हौसेनं उचलली नव्हती. विभागाच्या बाईंचा हुकूम होता, की प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी सगळी भाजी बारीक चिरून बादलीत पाण्यात बुडवून ठेवायची. म्हणजे भाजी कोमेजत नाही आणि मुलींचा तास वेळेत उरकतो.

दुसऱ्या दिवशी याच बाई फळ्यापाशी उभ्या राहून सांगायच्या, “क जीवनसत्त्व आणि ब गटातली जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात. म्हणून भाजी आधी धुवा, मग कापा. कापलेली भाजी पाण्यात ठेवू नका.” मुली माना खाली घालून ते उतरवून घ्यायच्या आणि मावशींच्या बादलीतली भाजी आपापल्या ओट्यावर न्यायच्या. बावीस वर्षांत एकाही शहाणीला यात काही खटकलं नाही. मावशींना खटकलं होतं, पण त्यांना विचारतो कोण?

मग सहायकाची जागा निघाली. तिला स्वतःचं टेबल होतं, खुर्ची होती, आणि बादली दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाणार होती. त्यासाठी पदविका हवी होती. ती परीक्षा बाहेरून देता यायची, पण वयाची मर्यादा उलटायला सहाच महिने उरले होते. म्हणजे संधी एकच. अर्जावर सही करताना बाई म्हणाल्या, “मावशी, या वयात कशाला ही दगदग? मुली हसतील हो.”

“हसू देत, बाई. तशाही हसतातच.”

घरी लेक प्रश्न विचारायची आणि मावशी कणीक मळता मळता उत्तरं द्यायच्या. फोडी मोठ्या ठेवाव्यात. साल पातळ काढावी. भाजी उकळत्या पाण्यात टाकावी, पाणी बेताचं, वर झाकण. सोडा घालू नये. उरलेलं पाणी फेकू नये, सूपात वापरावं. सगळं तोंडपाठ होतं. लेखी परीक्षेत त्या पहिल्या तिघींत आल्या. टवाळी करणाऱ्या मुलींची तोंडं दोन दिवस बंद होती.

प्रात्यक्षिकाच्या चिठ्ठीत मावशींना कोबी आला. पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांचा नाश कमीत कमी होईल, असा शिजवून दाखवायचा. बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या परीक्षक मॅडम आणि शेजारी विभागाच्या बाई, दोघी टेबलामागे बसल्या होत्या. मावशींनी लहान पातेल्यात बेताचं पाणी आधणाला ठेवलं. मुद्दाम समोर मांडलेली सोड्याची पुडी बाजूला सारली. मॅडमनी मान डोलावली. मावशींना आत कुठेतरी बरं वाटलं, आणि तिथेच घात झाला. मन सैल पडलं आणि कामाचा ताबा हातांनी घेतला.

सुरी सपासप चालली. कोबी केसासारखा बारीक झाला, आणि दोन्ही हातांनी गोळा होऊन ओट्याखालच्या पाण्यानं भरलेल्या बादलीत गेला. कोपरापर्यंत हात ओले झाले तेव्हा मावशींना कळलं आपण काय केलं ते. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“हा कोबी आधी धुतला होता?” मॅडमनी विचारलं.

“नाही.”

“चिरून पाण्यात! लेखी पेपर इतका छान लिहिलात तुम्ही. ही पद्धत शिकवली कुणी तुम्हाला?”

मावशींनी बाईंकडे पाहिलं. बाई हजेरीपटात काहीतरी शोधत होत्या. खरं सांगितलं असतं तर मॅडमनी ते ऐकूनही घेतलं असतं. पण मॅडम संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होत्या, आणि बाई इथेच राहणार होत्या. बादलीची नोकरीही त्यांच्याच सहीवर चालत होती.

“सवय आहे, मॅडम,” मावशी म्हणाल्या.

“काय सांगायचं तुम्हाला,” बाई हजेरीपटातून मान वर करून हळहळल्या. “बावीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर आहेत. मी रोज घसा कोरडा करते. पण वळणच पडत नाही.”

मॅडमनी पेन चालवलं. धुण्याचे गुण गेले, कापण्याचे गेले, भिजवल्याचे वेगळे कापले गेले. मावशी दोन गुणांनी नापास झाल्या. पुढची परीक्षा वर्षानं होती आणि वय तोवर थांबणार नव्हतं. सहायकाच्या खुर्चीत बाईंची जुनी विद्यार्थिनी आली. तिनं पहिल्याच दिवशी मावशींना ओटा नीट पुसायला सांगितला.

त्याच आठवड्यात नव्या वर्गाचं प्रात्यक्षिक होतं. मावशींनी आदल्या दुपारी भाजी चिरली आणि बादलीत बुडवली, कारण तसाच निरोप आला होता. सकाळी बाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘आधी धुवा, मग कापा.’ एक नवी मुलगी वहीतून मान वर करून बादलीकडे पाहू लागली. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी दिसलं होतं.

“पण बाई, ही भाजी तर चिरून पाण्यात ठेवलीये.”

मावशी फडकं हातात धरून उभ्या राहिल्या. आता तरी, असं त्यांना वाटून गेलं.

बाई हसल्या. “अगं, ते मावशींचं काम. त्या याच प्रश्नात नापास झाल्यात. त्यांना कुठून कळणार?”

मुली खळखळून हसल्या. सगळ्यांत उशिरा हसली ती ती नवी मुलगी, पण हसलीच. मग वाटी घेऊन ती बादलीपाशी आली, आणि मावशींनी पाणी निथळून तिला भाजी दिली.