मराठी अनुवाद : प्रतिभा पगार

प्रतिभाचं आडनाव पगार, आणि पगार असा तिला जन्मात कधी मिळाला नाही. हा विनोद नाशकात द्वारका चौकाजवळच्या तिच्या डीटीपीच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी केलेला आहे, आणि प्रत्येकाला वाटतं की तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला. पूर्वी ती हसायची. आता नुसतं "बोला, काय टाइप करायचंय" म्हणते.

बाई मूळची कळवणकडची. मराठी घेऊन एम. ए. झाली, प्राध्यापक व्हायची स्वप्नं पाहिली, आणि लग्नपत्रिका, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार टाइप करत पन्नाशी गाठली. पण तिची खरी हौस होती अनुवादाची. नाशकातल्या छोट्या छोट्या कारखान्यांची माहितीपुस्तकं ती इंग्रजीतून मराठीत आणायची. मिक्सर, पंप, इन्व्हर्टर, काय वाटेल ते. शब्द अडला की सरळ फोन उचलून एखाद्या मेकॅनिकला विचारायची, "दादा, याला तुम्ही काय म्हणता?" आणि तो जे म्हणेल ते लिहायची. त्यामुळे तिची पुस्तकं लोकांना कळायची. त्यावर तिचं नाव मात्र कुठेच नसायचं. पुस्तक वाचून कोणी पंप चालवला म्हणून आजवर कोणी अनुवादकाला नमस्कार केलेला नाही.

मग फोनमध्ये ते फोटोतून भाषांतर करणारं ॲप आलं आणि तिच्याकडचं हे काम आटत गेलं. तिने आदळआपट केली नाही. पण मनात सल राहिला, आणि तो सल फार वाईट. माणूस त्याच्या भरात जे करतो ते त्याला स्वतःलाच ओळखू येत नाही.

एके दिवशी ललितशेठ दुकानात आला. याचा घरघंटीचा धंदा. बाहेरून सुटे भाग मागवायचे, इथे जोडायचे, वर आपलं लेबल चिकटवायचं. घरात दळण करायच्या त्या गिरण्या एक संस्था पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर महिला गटांना वाटणार होती, आणि मराठी माहितीपत्रक सोबत हवं अशी संस्थेची अट होती.

"भाषांतर झालंय मॅडम," ललितशेठ फोन पुढे करत म्हणाला. "मूळ पानाचा फोटो काढला, ॲपने तिथल्या तिथे मराठी करून दिलं. तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा. ऱ्हस्व-दीर्घ तेवढं."

फक्त शुद्धलेखन! बावीस वर्षं जिने यंत्रांना मराठी बोलायला शिकवलं तिने आता वेलांट्या मोजायच्या. तिने मूळ फोटो आणि भाषांतराचा फोटो दोन्ही संगणकावर घेतले आणि शेजारी शेजारी लावले.

बघते तर काय, सगळा आनंदीआनंद. मूळ पानावर दोन रकाने होते, डावीकडे पहिल्या चार पायऱ्या, उजवीकडे पुढच्या चार. ॲपने ओळी आडव्या वाचल्या होत्या, त्यामुळे पहिल्या पायरीनंतर पाचवी, मग दुसरी, मग सहावी. धान्य टाकायच्या आधीच पीठ काढायचं! त्रिकोणातलं उद्गारचिन्ह, म्हणजे धोक्याची खूण, त्याला ॲपने एकचा आकडा समजून आणखी एक 'पायरी १' जन्माला घातली होती. एका चौकटीत फिरणाऱ्या पात्याजवळचा हात होता आणि त्यावर तिरपी लाल रेघ. भाषांतराची पांढरी पट्टी नेमकी त्या रेघेवर बसली होती. 'कधीही नाही' हे शब्द मुळात लाल पट्ट्यावर पांढऱ्या अक्षरात होते, ते फोनला वाचताच आले नव्हते. उरलं होतं ते असं : 'यंत्र चालू असताना हात आत घाला.'

"वाचलं का हे तुम्ही?" प्रतिभाने विचारलं.

ललितशेठने वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. "अरे बापरे."

"आणि हे बघा." तिला आता चेव चढला होता. "दळलेल्या पिठाला इंग्रजीत ग्राउंड, जमिनीलाही ग्राउंड, आणि विजेची तार जमिनीत सोडतात तिलाही ग्राउंडच. तुमच्या ॲपने काय केलंय? 'बारीक जमीन पीठ'. आणि इथे, जिथे जीव जायचा प्रश्न आहे तिथे लिहिलंय, 'वापरापूर्वी यंत्र जमिनीवर ठेवणे बंधनकारक'. म्हणजे बाई गिरणी जमिनीवर ठेवेल आणि समजेल, झालं आपलं काम."

"मग तिथे अर्थिंग लिहा ना."

इथे बाईचं चुकलं. चुकलं म्हणजे शब्द चुकला नाही, माणूस चुकला. दुसरा कोणताही दिवस असता तर ललितशेठने सांगायच्या आधीच तिने अर्थिंग लिहिलं असतं. पण शुद्धलेखनापुरती बोलावलेली बाई त्या दिवशी ईर्षेला पेटली होती. फोनला जे येत नाही ते आपल्याला येतं, हे तिला दाखवायचं होतं. तिने कपाटातून परिभाषाकोश काढला, पान उघडलं आणि बोट ठेवलं.

"अर्थिंग मराठी आहे का? याला शब्द आहे. भूसंपर्कन."

"लोकांना कळेल?"

"लिहिल्याशिवाय कळणार कसं? आणि एक सांगते, हे सगळं मी पहिल्यापासून नव्याने करणार, आणि पुस्तिकेवर माझं नाव आलं पाहिजे."

ललितशेठ घाबरलेलाच होता, लगेच कबूल झाला. प्रतिभाने मन लावून काम केलं, हे तिच्या शत्रूनेही मान्य करावं. पायऱ्या ओळीने लावल्या, त्रिकोण जागच्या जागी बसवले, हातावरची लाल रेघ ठळक केली. पाचव्या पायरीवर त्रिकोणात विजेचा बाण काढून शेजारी ठसठशीत अक्षरात छापलं : 'यंत्राचे भूसंपर्कन केल्याशिवाय ते सुरू करू नये.' आणि मुखपृष्ठावर खाली, बावीस वर्षांत पहिल्यांदा, 'मराठी अनुवाद : प्रतिभा पगार'. छापून आलेली पहिली प्रत तिने घरी नेऊन देव्हाऱ्याशेजारी ठेवली. हसू नये कोणी. तेवढाच तिचा सन्मान होता.

पावसाळा सरता सरता धोंडाबाई दुकानात आली. धोंडाबाई पेठकडची. भात लावून झाला की नाशकात द्राक्षाच्या कामाला यायची, आणि काही वर्षं तिने प्रतिभाच्या इमारतीत धुणीभांडीही केली होती. आली तशी दारातच खाली बसली. प्रतिभाने तिला वर खुर्चीत बसवलं, चहा मागवला.

"ताई, तुमचं नाव वाचलं आमच्या सगुणीनं," धोंडाबाई म्हणाली. "त्या घरघंटीच्या पुस्तकावर. सून माझी, सातवी शिकलीय. मी म्हनले, अगं ह्या तर आपल्या ताई! साऱ्या पाड्याला सांगितलं मी, का हे पुस्तक आपल्या ताईंनी लिवलंय, त्यात हाय तसंच करायचं, इकडचं तिकडं नाय करायचं."

प्रतिभाला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! चहाचा कप तिने स्वतःच्या हाताने धोंडाबाईपुढे सरकवला. "मग? चालते ना छान?"

"चालली एक डाव." धोंडाबाईने कपाला हात लावला नाही. "पुस्तकात व्हतं तसं सारं केलं आम्ही. हात नाय घातला, झाकन नाय उघडलं. आन् ते पाचवं व्हतं ना, भू... काय ते, ते केल्याबिगर चालू नाय करायची. सगुणीला ते नीट वाचता येईना. मंग शेजारची गोजराबाई म्हनली, अगं भूमिपूजनच ते, मोठ्या अक्षरात लिवलंय म्हंजे देवाचंच काम. पुढाऱ्यांनी समाजमंदिराचं केलं व्हतं तसं."

प्रतिभाची नजर कपाटातल्या परिभाषाकोशाकडे गेली.

"पाटावर ठेवली व्हती ती खाली घेतली," धोंडाबाई सांगत राहिली. "भुई सारवली. घरघंटीला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला, नारळाचं पानी वर शिंपडलं, तांब्याभर पानी भुईवर सोडलं. धरतरीला नमस्कार केला. बाया गानं म्हनल्या. मंग सगुणीनं ओल्या भुईवर उभं राहून बटन दाबलं."

"पिन..." प्रतिभाने मध्येच विचारलं. "तीन पिना होत्या ना तिला?"

"आमच्या बोर्डाला दोनच भोकं हायेत. माझ्या पोरानं, मंगळूनं, मधली मोठी पिन मोडून बसवली." धोंडाबाईने डोळ्याला पदर लावला. "सगुणी चिकटूनच राहिली ताई. मंगळूनं लाकडानं हानून सोडवली. जीव वाचला, देवाची किरपा. पर उजवा हात गेला तिचा. बोटं आखडली. भाकर थापाया घेतली का पीठ हातातून गळतं आन् ती रडते."

चुलीपुढे बसलेली, पिठाचा गोळा हातात धरता न येणारी ती पोर प्रतिभाला डोळ्यांसमोर दिसायला लागली. तिने तिला कधी पाहिलं नव्हतं. फोनने जमिनीवर ठेवा म्हटलं होतं, आणि आपण इतकं पांडित्य पाजळून शेवटी त्या बायकांना जमिनीवरच आणून ठेवलं, तेही ओल्या भुईवर. ललितशेठचं ॲप निदान मूर्ख होतं. आपल्याला कळत होतं. तिला स्वतःचीच चीड आली, इतकी की तो कोश उचलून रस्त्यावर फेकावासा वाटला.

तिने हात जोडले, काही बोलणार तोच धोंडाबाई पुढे झुकली.

"ताई, मी भांडाया नाय आले. तुमच्या लिवन्यात चूक कशी व्हईल? आमच्याच हातून काई राहिलं असंल. तेवढंच पुसाया एसटीनं आले. पूजेत काय चुकलं आमचं? परत करून घेऊ."

दुकानात प्रिंटर चालू होता. कोणाच्या तरी बारशाची पत्रिका निघत होती. प्रतिभाने उठून तो बंद केला, आणि खाली, धोंडाबाईच्या पायाशी बसली.

"पूजा नव्हतीच ती, धोंडाबाई," ती म्हणाली. "अर्थिंग करा, एवढंच लिहायचं होतं मला. ती मधली मोठी पिन असते ना, तिची तार जमिनीत सोडायची. करंट मग माणसाच्या अंगातून जात नाही."

"आरथिंग व्हय?" धोंडाबाई तिच्याकडे बघत राहिली. "ते तर आमच्या पाड्यावर पोरंसोरं बी म्हंत्यात. शाळेतल्या पंपाला हाय, टावरला हाय. आरथिंग लिवलं असतं तर मंगळूनं पयले वायरमनला बोलावलं असतं."

प्रतिभाने मान खाली घातली.

"मंग तसं का नाय लिवलं, ताई?"

धोंडाबाई रागावली नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.