रविवारची अदलाबदल

दोरीवर मीनूचा गॅदरिंगचा हिरवा परकर वाळत होता. त्याच्याकडे बघत मी मुलांच्या बाबांना मेसेज लिहायला बसले. आम्ही वेगळे राहतो. दर महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार-रविवार मुलं त्यांच्याकडे, असं कोर्टात ठरलं आहे.

सुरुवातीलाच बोट अडतं. संसारात त्यांचं नाव कधी घेतलं नाही आणि आता ‘अहो’ लिहवत नाही. म्हणून मी वारापासूनच सुरू करते.

‘रविवारी मीनूचं गॅदरिंग आहे. नऊला शाळेत पोचायचं. या वेळी मुलं माझ्याकडे राहू द्या, पुढचा शनिवार-रविवार तुम्ही घ्या. जमत नसेल तर शनिवारी शाळा सुटल्यावर न्या, परकर पिशवीत देते. बंटीला खोकला आहे. औषध जेवणानंतर एक चमचा.’

एकत्र होतो तेव्हा आम्ही खूप बोलायचो, आणि त्यात मुलं जेवली का हे विचारायचं राहून जायचं. आता सगळं एवढ्यात मावतं. आटलेल्या विहिरीतही कळशीभर पाणी असतं, तसं काहीसं असावं.

ते नाही म्हणाले तर मीनूची वेणी कोण घालेल, एवढीच मला काळजी होती; ती मात्र मेसेजात लिहिली नव्हती. नाचाची वेणी घट्ट लागते.

दुपारी उत्तर आलं. ‘शनिवारीच नेतो, आई वाट बघते आहे. वेणी मला येत नाही. साडेआठला शाळेच्या फाटकाशी ये. कंगवा आणतो.’

मी लिहिलं, ‘बरं. रिबिनी मी आणते.’