पस्तीस रुपये चाळीस पैसे

नानांचा फोन आला तेव्हा मी धुळ्याला शाळेत शिकवून नुकतीच घरी पोचले होते. "वहीत पस्तीस रुपये चाळीस पैसे जास्त दिसतात. पासबुकात कमी आहेत. रविवारी ये."

"नाना, पस्तीस रुपयांसाठी अमळनेरला येऊ? तिकीट त्याच्यापेक्षा जास्त आहे!"

"हिशेब जुळला नाही तर वही तू घेऊन जा. मी लिहिणं बंद करतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

नाना, आमचे वडील, चाळीस वर्षं कापसाच्या पेढीवर मुनीम. राजस्थानातून आलेल्या शेठजींची पेढी होती. पुढे शेठजींची मुलं सुरतेला गेली, पेढीला कुलूप लागलं आणि नाना घरी आले. घरी आल्यापासून ते बँकेतल्या पैशांची वही लिहीत. गेल्या महिन्यात त्यांनी गॅस चालू ठेवून बाजारात जाण्याचा पराक्रम केला, तेव्हापासून आपलं डोकं काम देईनासं झालंय ही भीती त्यांच्या मनात बसली होती. बोलून दाखवत नव्हते, पण मला कळत होतं. म्हणून गेले. मुकाट्याने नाही, एसटीत पूर्ण रस्ताभर चरफडत.

घरात शिरले तर पासबुक आणि लाल कापडी पुठ्ठ्याची वही शेजारी शेजारी मांडलेली. चहासुद्धा विचारला नाही. आई आतून म्हणाली, "दोन दिवस झाले, जेवणात ध्यान नही शे यांचं."

पासबुक त्यांनी आदल्याच दिवशी मशीनवर छापून आणलं होतं. न वटलेला एखादा चेक असेल म्हणून आधी ते पाहिलं, नव्हता. व्याज पाहिलं; वहीत होतं. मग मी पासबुकातला एकेक आकडा वाचायचा आणि नानांनी वहीत तो शोधून लाल पेन्सिलीने खूण करायची, असं सुरू झालं. पेन्शन, लाइटबिल, औषधांचे पैसे, गॅस. शेवटी दोन्हीकडे एकही आकडा बिनखुणेचा उरला नाही. फरक मात्र जसाच्या तसा.

"झालं," नाना म्हणाले. "माझंच काहीतरी गेलंय."

"आता असं काही बोललात ना, तर मी पुढच्या गाडीने परत जाते," मी चिडून म्हणाले. खरं तर मलाच भरून आलं होतं.

लहानपणी पेढीवर त्यांचा डबा घेऊन जायचे, तेव्हा गादीवर बसून ते मला सांगायचे: फरक सापडेना, तर नवाने भागून बघ, भाग गेला तर आकडे उलटसुलट लिहिले असतील. नाहीतर फरकाचं अर्धं कर आणि तो आकडा शोध, चुकीच्या बाजूला गेला असेल. तेव्हा मला त्यांच्याएवढा हुशार माणूस जगात दुसरा वाटत नव्हता. कापसाचा तो वास, गल्ल्याची ती घंटी. ते दिवस मला अजून हवेत.

नवाने भाग जात नव्हता. अर्धं केलं: सतरा रुपये सत्तर पैसे. बँक दर तीन महिन्यांनी मेसेजचे पैसे कापते तेवढेच. पासबुकात ते कापलेले होते. वहीतही आकडा होता, खूणही होती. फक्त नावेऐवजी जमेच्या बाजूला. आम्ही दोघं आकडे जुळवत बसलो होतो, बाजू कोणी पाहिलीच नव्हती. सतरा सत्तर वजा व्हायचे ते मिळवले गेले होते, म्हणून फरक दुप्पट.

"अहो नाना, सापडलं!" मी ओरडलेच. "बाकीच्या वेळी बरोबर नावे टाकलेत. यावेळीच कसे जमेला गेले?"

नानांनी चष्मा काढून पुसला आणि ती ओळ पुन्हा वाचली. बराच वेळ वाचत राहिले.

"पेढीच्या वहीत बँकेने पैसे कापले की बँकेच्या खात्यात जमेलाच लिहायचे असतात," ते हळूच म्हणाले. "खर्च नावे, बँक जमा. ही घरची वही मी पासबुकासारखी ठेवतो, म्हणून इथे नावे. पेढीच्या हिशेबाने मी बरोबरच लिहिलंय गं."

"म्हणजे डोकं ठणठणीत आहे तुमचं."

ते हसले नाहीत. "लिहिताना मला वाटलं होतं, मी तिथेच बसलोय," ते म्हणाले. "पेढी बंद झाली त्या दिवशी कोणी विचारलं नाही मला, नाना, आता कसं वाटतंय म्हणून. तूसुद्धा नाही."

मी खरंच विचारलं नव्हतं. आता विश्रांती घ्या, एवढंच फोनवर बोलले होते.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मी त्यांच्याजवळ सरकून बसले आणि इतक्या वर्षांनी विचारलं, "कसं वाटलं होतं, नाना?"

त्यांनी वही बाजूला ठेवली आणि सांगायला लागले. माझी परतीची गाडी केव्हाच गेली होती.