नोकरी का सोडली, ते पेढा खाऊन सांगा

समस्त मानवजातीस कळवण्यात येतं, की वाळूजच्या आमच्या कारखान्यातून आजवर एकही माणूस नाराज होऊन गेलेला नाही. जो गेला तो हसत गेला, हात जोडत गेला, 'कंपनीनं लई दिलं' असं म्हणत गेला. काही तर इतके समाधानी होते की राहवेना म्हणून गेले.

हा इतिहास माझ्याकडे लेखी होता. मी तिथं मनुष्यबळ विभागात होते, आणि जाणाऱ्या प्रत्येकाला 'का जाताय?' हे विचारणं माझं काम होतं. उत्तरं ठरलेली: घरगुती कारण, गावाकडची शेती, दुसरीकडं जास्त पगार. सगळ्यांची अक्षरं वेगळी आणि कारणं तीच. माझा स्वभाव असा, की तीन माणसं एकाच शब्दात खरं बोलायला लागली की मला वास येतो. इथं तर अख्खी रांग तसं बोलत होती.

आधी आमची पद्धत सांगते, म्हणजे वास कुठून येत होता ते कळेल. माणूस निघाला की कँटीनमध्ये शाल-नारळ. सुपरवायझर शाल घालणार, माणूस पेढे वाटणार, टाळ्या. टाळ्या विरल्या की त्याच टेबलावर मी कागद काढून विचारणार, "हां, आता मनमोकळं सांगा, का सोडताय?" शाल घालणारे सुपरवायझर शेजारीच पेढा चघळत उभे. शिवाय हिशेब निघायला त्यांची सही अजून बाकी. अशा मुहूर्तावर स्वर्गातून देव उतरला असता, तरी त्यानंही 'घरगुती कारण' सांगितलं असतं.

हे सगळं वर्षानुवर्षं गोडीगुलाबीत चाललं असतं. पण एका उन्हाळ्यात असेंब्लीची तिसरी लाइन गळायला लागली. बाकीच्या लाइनी भरलेल्या, ही तेवढी रिकामी. नवीन पोरं शिकवून तयार करायची आणि त्यांनी पेढे वाटायचे. प्लांट हेड साहेबांनी मला बोलावलं. साहेब पुण्याकडचे, बोलणं मोजकं, इस्त्री कडक.

"तिसऱ्या लाइनचा सुपरवायझर," ते म्हणाले. "त्याचा आवाज माझ्या केबिनपर्यंत येतो. लोक त्याला कंटाळून जातायत. मी स्वतः दोघांना विचारलं."

"काय विचारलंत, सर?"

"विचारलं, सुपरवायझर त्रास देतो ना? दोघंही हो म्हणाले."

प्लांट हेडनं केबिनमध्ये उभं करून 'त्रास देतो ना?' विचारल्यावर 'नाय' म्हणणारा माणूस आमच्या जिल्ह्यात जन्मायचा आहे. पण साहेबांचं ठरलं होतं. महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये त्या सुपरवायझरला नारळ मिळणार होता, आणि तोही बिनशालीचा.

या गृहस्थांना सगळा कारखाना मामा म्हणायचा. शेतकरी घरातले, पन्नाशीला टेकलेले, आवाज खळ्यावरून बैल हाकायला घडवलेला. 'जरा पाना द्या' म्हणाले तरी शेजारचा दचकायचा. मला स्वतःला ते संशयास्पदच वाटायचे. निरोप समारंभात माझ्या खांद्यावरून कागदात डोकावायची त्यांना खोड होती.

मी साहेबांकडं महिनाअखेरपर्यंतचा वेळ मागितला आणि पहिल्यांदा कँटीनमधला पेढे-कार्यक्रम आणि माझे प्रश्न वेगळे केले. शाल खुशाल घाला. बोलणं हिशेब हातात पडल्यावर, सुपरवायझरच्या सावलीपासून लांब. जे आधीच गेले होते, त्यांना एकेक फोन लावला. गेल्याला दोन-चार महिने झाले की माणसाची जीभ मोकळी होते. नवीन नोकरी असते, जुनी भीती नसते. प्रत्येकाला आधीच सांगितलं, की तुम्ही बोलाल ते कुणाच्या नावानं वर जाणार नाही, सगळ्यांचं मिळून जाईल.

प्रश्नही बदलला. 'का सोडली?' याला माणूस कारण बनवून देतो. मी विचारायला लागले, "जावं असं पहिल्यांदा मनात कधी आलं? त्या दिवशी काय झालं होतं?" दिवस आठवायचा म्हटलं की माणसाला बनवता येत नाही, तो आठवायलाच लागतो. आणि दुसरं, "काय झालं असतं तर राहिला असतात?"

फोनवर अर्धे जण तरी कचरले. मग ठरवलं, एकाला गाठायचंच. वेरूळला लेण्यांच्या रस्त्यावर आमचा एक जुना गडी पेरू विकत बसायचा. घरचे मेंढपाळ, हा पहिलाच कारखान्यात आलेला. कागदावर त्याचं कारण होतं: 'स्वतःचा व्यवसाय'. व्यवसाय म्हणजे एक हातगाडी आणि मिठाची डबी.

मला बघून त्यानं आधी माझ्या मागं बघितलं.

"कोणी धाडलं, म्याडम?"

"कुणी नाही. पेरू घ्यायला आले."

"शहरात पेरू नाय व्हय? औरंगपुऱ्यात ढीग पडलाय."

संशयात हा माझा गुरू निघाला. दोन पेरू खाल्ले, तिखट-मीठ लावून, तेव्हा कुठं तो वितळला. मी विचारलं, जायचं पहिल्यांदा कधी मनात आलं?

"बापाच्या डोळ्याचं आप्रेशन व्हतं. तारीख मिळाली व्हती सरकारी दवाखान्यात. दोन दिसांची सुट्टी मागितली. मामा म्हनले, नाय."

माझ्या कानात घंटा वाजल्या. मामा! सापडला! साहेब बरोबर होते. वही मिटून घरी जावं असं वाटलं. पण मन म्हणालं, बाई, इतक्या लवकर सापडणारा चोर बघ, चोर नसतो. मी विचारलं, "मामा नेमकं काय म्हणाले? त्यांच्याच शब्दांत सांगा."

त्यानं मामांचा आवाज काढला. रस्त्यावरची एक बाई दचकली. "म्हनले, 'अरं बाबा, माझ्या हातात ऱ्हायलं नाय. अर्ज वर धाडलाय. वरून काय आलं नाय. काय आलं नाय म्हंजी नाय!'"

"आणि काय झालं असतं तर राहिला असतात?"

"दोन दिस सुट्टी. अजून काय? काम चांगलं व्हतं. मामा वरडत्यात, पण आमचा बापबी वरडतो की. त्यापायी बाप सोडला का?"

घरी येऊन सगळी उत्तरं पुन्हा मांडली. आधी मी मोजत होते, कुणाचं नाव किती वेळा येतं. त्या हिशेबानं मामा गुन्हेगार नंबर एक. आता मी प्रत्येक उत्तर त्यातल्या प्रसंगावर लावलं: त्या दिवशी घडलं काय? कुणाची बहीण बाळंत, कुणाची पेरणी, कुणाचा मुलगा तापलेला. कारणं दहा तऱ्हेची, पण बहुतेकांच्या गोष्टीत एक रजेचा अर्ज होता आणि त्याला उत्तर नव्हतं. मामांचं नाव सगळीकडं होतं खरं, पण क्रियापद बघितलं तर 'केलं' कुठंच नाही, 'सांगितलं' सगळीकडं.

जास्त पगाराचं कारण मी आधीच बाजूला काढलं होतं. पगार सगळ्या लाइनींना सारखा. त्यानंच लोक जात असते तर सगळ्याच लाइनी गळायला हव्या होत्या. पण मग हाच प्रश्न रजेलाही लागतो. रजेचा नियम तर सगळ्या कारखान्याला एकच. त्याच उन्हाळ्याच्या तोंडी सुपरवायझरांचा अधिकार काढून सगळे अर्ज साहेबांच्या टेबलावर न्यायचे ठरलं होतं. मग बाकीच्या लाइनी का टिकल्या?

म्हणून मी न गेलेल्यांना विचारलं. गेलेले का गेले हे गेलेल्यांकडून अर्धंच कळतं. उरलेलं, राहिलेले सांगतात. शेजारच्या लाइनचे सुपरवायझर होते अण्णा. गोड बोलणारे, पान खाणारे, त्यांच्या लाइनचा एक माणूस हलत नव्हता. मला तर कायम शंका यायची, की हा माणूस इतका गोड आहे म्हणजे काहीतरी लपवतोय. लपवतच होते. त्यांच्या एका कामगारानं हसत हसत सांगितलं, "आमी कुठं अर्ज करतो, ताई? ह्यो आज माज्या जागी येतो, म्या परवा त्याची पाळी भरतो. अण्णा तिकडं बघत नायत. हजेरी बरोबर, मान्स बरोबर."

म्हणजे अण्णांकडं नियम कुणी पाळतच नव्हतं, म्हणून माणसं टिकली. मामा तेवढे नियमानं चालत होते, एकेक अर्ज वर धाडत होते, उत्तर नाही म्हणून ओरडत होते, आणि त्याचीच शिक्षा त्यांना होणार होती.

तरी मला माझाच संशय आला. चौकशी करणाऱ्याला आपल्या मनातलं कारण सगळीकडं दिसायला लागतं. म्हणून रजेत न बसणारी उत्तरं मुद्दाम शोधली. होती दोन-चार: एकाला खरंच गावात दुकान टाकायचं होतं, एक जण लग्नानंतर नाशिकला, सासरवाडीच्या गावी राहायला गेला होता. ती तशीच ठेवली, ओढूनताणून बसवली नाहीत.

महिनाअखेरची मीटिंग. साहेब टेबलाच्या टोकाला, अण्णा पान गालात दाबून, मामा शेवटच्या खुर्चीत. मामांना कुणकुण लागलेली असावी. त्या दिवशी त्यांचा आवाज चक्क माणसासारखा होता.

मी मांडलं. नाव एकाचंही घेतलं नाही. तिसरी लाइन सुपरवायझरमुळं नाही, रजेच्या अर्जाला वरून उत्तर येत नाही म्हणून रिकामी होतेय. जिथं लोक आपसात पाळी सांभाळून घेतात तिथं माणसं टिकतात.

साहेबांची मान वर आली. "आपसात? कुठल्या लाइनला?"

अण्णांचं पान चघळणं थांबलं.

"ते नाही सांगणार, सर. आज सांगितलं तर उद्यापासून मला परत फक्त 'घरगुती कारण' ऐकायला मिळेल."

साहेबांनी डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं. बहुतेक ते माझ्यावर संशय घेत होते. आता त्यांची पाळी होती. मग म्हणाले, "हे सगळं गेलेल्या लोकांचं बोलणं. गेलेला माणूस काहीही बोलतो. इथं बसलेल्यांपैकी एकानं तरी सांगावं, की माझ्या टेबलावर अर्ज अडकतो."

अण्णा छताच्या पंख्याकडं बघायला लागले. मी मामांकडं बघितलं. ते टेबलावर दोन्ही पंजे टेकून उठले, आणि खळ्यावरचा तो आवाज त्यांच्याही नकळत सुटला:

"साहेब, माझ्याच पोरीच्या साखरपुड्याचा अर्ज तुमच्या टेबलावर हाय! साखरपुडा तर मी नसतानाच उरकला, आता लग्नाला तरी सोडता का?"