चाळीस चष्मे आणि आप्पांची शाल

मच्छिंद्रमामा कोळपे खजिनदार झाले, ते त्या दिवशी मीटिंगला उशिरा आले म्हणून. ट्रस्टची बाकीची पदं वाटून झाली होती आणि हिशेबाचं पद तेवढं कुणालाच नको होतं. कुरकुंभच्या कंपनीत आयुष्यभर स्टोअर सांभाळलेला माणूस दारात दिसताच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांना वाटलं, चहा आलाय.

यवतजवळच्या त्यांच्या गावात हा ट्रस्ट दर वर्षी नेत्रतपासणी शिबिर घ्यायचा. गेल्या वर्षीच्या शिबिरात डोळे तपासले गेले, नंबराचे कागद वाटले गेले, पण चष्म्यांपर्यंत पैसे पोचलेच नाहीत. कागद हातात घेऊन म्हातारी माणसं दार ठोठावायची ती मामांचंच. शेवंती तोडणाऱ्या तुळजाबाईला तर उमललेलं फूल आणि कळी यातला फरक दिसेना. मुकादम रोज तिच्या नावानं ओरडायचा. "औंदा चष्मा मिळंल," असं मामा तिला बोलून बसले होते. बोलणं त्यांचं, पैसे मात्र कुणाचेच नव्हते.

म्हणून शिक्रापूरच्या पशुखाद्य कारखान्याच्या मालकीण धनश्रीताई ढमढेरे यांना पत्र लिहायचं ठरलं. मजकूर अध्यक्ष जालिंदरआप्पा शितोळ्यांनी सांगितला. 'गोरगरिबांच्या अंधारलेल्या जीवनात प्रकाश' वगैरे सांगताना त्यांनी स्वतःचेच डोळे टिपले. मागणी होती ऐंशी हजारांची.

"सोबत अंदाजपत्रक जोडतो," मामा म्हणाले.

"जोडा की. जोडलेलं कोण वाचतंय!" आप्पा म्हणाले, आणि दोघांनी सह्या केल्या.

धनश्रीताईंनी पत्र बाजूला ठेवलं आणि आधी जोडलेलंच वाचलं. आठवड्याच्या आत दोघांना बोलावणं आलं. ट्रकांच्या रांगांतून वाट काढत ते कारखान्यावर पोचले. आप्पांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. फोटो निघेल, असा त्यांचा अंदाज.

ताईंनी चहा मागवला आणि कागद मोठ्यानं वाचायला घेतला. "मंडप-स्टेज बावीस हजार. फ्लेक्स आन् छपाई चौदा. शाल, श्रीफळ, हार वीस. मान्यवरांचं जेवण बारा. आन् चष्मे, चाळीस नग, बारा हजार." त्यांनी मान वर केली. "आप्पा, शिबिर डोळ्यांचं हाय का खांद्यांचं?"

आप्पा मामांकडे वळले. "ओ खजिनदार, काय लिवलंय हे? ताई, ह्यांची चूक झाली. वय झालंय."

मामांनी बशीतला चहा संपवला. होय म्हटलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती, आणि तुळजाबाईचा चष्माही. "चूक न्हाई, ताई," ते म्हणाले. "दर वर्षी असंच हुतं. मी फक्त खरं लिवलं."

"आन् डॉक्टर कशानं येणार? त्यांचा खर्च कुठंय?"

"ते समाजसेवा म्हणून येत्यात," आप्पा घाईनं म्हणाले.

"मंडपवाला न्हाई येत व्हय समाजसेवा म्हणून?"

ताईंनी मामांच्या पुढ्यात पेन ठेवलं. गेल्या वर्षी नंबर लागलेले किती, ते विचारलं. एकशेतीस. शिबिर शाळेच्या हॉलमध्ये घ्यायचं ठरलं आणि मंडप गेला. मग फ्लेक्स गेला. "आमच्या कारखान्याचासुद्धा नको," ताई म्हणाल्या, "म्हशी काय फ्लेक्स वाचून पेंड खात न्हाईत." जेवण गेलं. चष्म्यांचे एकोणचाळीस हजार, डॉक्टर आणि तंत्रज्ञांच्या येण्याजाण्याचे सहा. चेक पंचेचाळीस हजारांचा, ट्रस्टच्या नावानं, पण दोघांच्या सहीचं नवं पत्र तिथंच लिहून दिल्यावर. पावती मामांनी द्यायची, आयकर सवलतीच्या ऐंशी-जी नंबरासकट.

सत्काराच्या ओळीशी पेन आलं तसे आप्पा उठून उभे राहिले. "अध्यक्षाचा सत्कार न्हाई, तर नव्या पत्रावर अध्यक्षाची सही न्हाई!"

आणि सहीशिवाय नवं पत्र चालणार नव्हतं. मामांचं पेन तिथंच अडलं.

धनश्रीताई मुळीच चिडल्या नाहीत. "आप्पा, बसा. शाल मी घरनं आणते. आमच्या सासऱ्यांच्या सत्काराच्या कपाटभर पडल्यात, घडीसुद्धा मोडली न्हाई. रंग तेवढा सांगा."

रागावावं की रंग सांगावा, हे आप्पांचं ठरेना.

"केशरी," शेवटी ते म्हणाले, आणि सही केली.

शिबिराला शाळेचा हॉल भरला. आप्पा केशरी शाल पांघरून ऐन दुपारी घामाघूम होऊन दारातच उभे होते, चष्मा घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाचा नमस्कार घ्यायला. गेल्या वर्षीच्या नंबरांवरून महिन्याभरात बनून आलेले चष्मे मामा नावं पुकारून वाटत होते. तुळजाबाईनं आपला चष्मा नाकावर चढवला, आधी स्वतःच्या बोटांची नखं पाहिली, मग मामांना पाहून हसली. दारापाशी आली आणि थबकली.

"अगं बया, जालिंदरआप्पा!" ती म्हणाली. "तुमी केस रंगवता व्हय?"