एकच औषध, दुसरी गोळी

माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं मला फिट येतात हे लपवलं नव्हतं. म्हणूनच जवळची स्थळं फिरली आणि सांगलीकडच्या मुलीला थेट विदर्भातलं, पांढरकवड्याचं स्थळ मिळालं. आठवीत भर वर्गात फिट आली आणि माझी शाळा तिथंच सुटली होती. सासरी मात्र त्यावरून मला कधी कुणी टोचून बोललं नाही. त्या चांगुलपणाचंच मला दडपण यायचं. परत फिट आली तर या माणसांना पस्तावा होईल, हा विचार सकाळी डोळे उघडायच्या आधी जागा व्हायचा.

गोळ्या सुरू होत्या. लग्न झाल्यापासून एकदाही फिट आली नव्हती.

मग कापसाचा भाव पडला. जिनिंगमधलं यांचं काम आठवड्यातून निम्मे दिवस बंद राहू लागलं. त्या महिन्यात हे मेडिकलवाल्याला म्हणाले, "यातलंच औषध द्या, पण स्वस्तातलं." त्यानं पाकिटातून दहा गोळ्या कात्रीनं कापून दिल्या. आम्ही नेहमी तशाच तुकड्यानं घ्यायचो. तुकड्यावर औषधाचं नाव होतं, कार्बामाझेपिन, आणि पुढं चारशे. दोन्ही जुन्यासारखंच.

पण गोळी घेतली की तासाभरानं जमीन कलायची. एका दाराची दोन दारं व्हायची. दुपारपर्यंत उतरायचं, संध्याकाळची गोळी घेतली की पुन्हा तेच. मला वाटलं, फिटच येतेय. गोळी घेतली तर हे असं, आणि सोडली तर फिट येणार, हे आधीच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं. मी भिंतीला पाठ लावून बसायची. कंबर दुखते म्हणून सांगायची. चुलीपाशी जायला धजत नव्हते.

शेजारची म्हणाली, "स्वस्ताच्या गोळ्या डुप्लिकेट असतात. बंदच कर त्या." हे म्हणाले, "सॉल्ट तेच आहे, आतलं औषध तेच. मनाचे खेळ आहेत." दोघांच्या मधे मी.

एका सकाळी थोरल्या जाऊबाईंच्या पेल्यात पाणी ओतायला गेले आणि ते सगळं पेल्याशेजारी ओतलं.

"अवं, पेला इकडं हाये," त्या म्हणाल्या. मग माझ्या डोळ्यांकडं पाहत, "काय होऊन राह्यलं तुले? खरं सांग."

"दोन पेले दिसले, ताई."

"मंग मले काहून नाई सांगितलं? कंबर म्हणे!"

त्यांनी डब्यातला जुन्या गोळ्यांचा तुकडा आणि नवा तुकडा पदरात बांधला आणि मला हाताला धरून मेडिकलात नेलं.

"भाऊ, या दोन्हीचे पुरे पाकीट दाखवा. कापलेले नको."

दुकानदारानं आधी तोंड वाकडं केलं, पण काढली. अख्ख्या पाकिटावर जुन्या गोळीच्या नावापुढं 'सीआर' अशी अक्षरं होती. आमच्या तुकड्यावर ती आलीच नव्हती. नव्या गोळीच्या पाकिटावर ती कुठंच नव्हती. दुकानदारानं दोन्ही पाकिटं दाखवायला म्हणून आमच्या हाती दिली. "हे डॉक्टरांना विचारा," म्हणाला. "तोवर गोळी सोडू नका."

तसंच दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी दोन्ही पाकिटं पाहिली.

"औषध एकच आहे. पण जुनी गोळी सीआर आहे, म्हणजे ती औषध दिवसभर हळूहळू सोडते, नवी लवकर सोडते. रक्तात एकदम चढतं, म्हणून चक्कर येते, दोन-दोन दिसतं. ही फिट नाही."

"म्हणजे डुप्लिकेट नाही?" मी विचारलं.

"नुसतं पाहून ते मलाही सांगता येणार नाही. ते प्रयोगशाळेत कळतं. गोळीत औषध पुरेसं आहे का, ठरल्याप्रमाणं विरघळतं का, हे तिथं तपासतात. म्हणून बिल ठेवा, बॅच नंबर असतो त्यावर. पण तपासणीत पास झालेली गोळीसुद्धा तुमच्यासाठी चुकीच्या प्रकारची असू शकते. इथं तसंच दिसतंय."

"मंग पुन्हा महागाचीच का?" जाऊबाई म्हणाल्या.

"नाही. साध्या कंपनीचीही सीआर मिळते. तीच लिहितो. मात्र फिटच्या औषधात कंपनी सारखी बदलायची नाही. एक धरली की तीच. बदलायची वेळ आलीच तर आधी मला विचारा. आणि ही गोळी चावून किंवा कुटून खायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी हातात घेऊन कितीतरी वेळ बसले. पाकिटावर सीआर होतं, नाव तेच, चारशे तेच. तरी तोंडात टाकवेना. जाऊबाई सुपात लसूण घेऊन समोर येऊन बसल्या. काम टाकून बसलेय असं दाखवलं नाही. मी गोळी गिळली. त्या लसूण सोलत राहिल्या, मीही सोलू लागले. तास झाला असेल.

"आता किती जावा दिसून राह्यल्या?"

"एकच."

"बरं झालं. दोन असत्या तर तुले स्वयंपाक शिकवाले दोघी लागलो असतो."

मी हसले, पण भिंतीला टेकलेली पाठ काढली नाही. दारं एकेकच होती. संध्याकाळच्या गोळीनंतरही एकेकच राहिली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी जाऊबाई काही न विचारता लसूण घेऊन मागच्या अंगणात गेल्या. मी एकटी उठले आणि चूल पेटवली.