पाद्रीबाबा त्या रात्री कुठं होते?

हेस्टर क्राउच म्हणजे वेनफोल्ड गावाचं कुलूप. औषधांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तेवीस वर्षं ती औषधं कालवत होती. कुणाला झोप लागत नाही, कुणाची मूळव्याध उठलीय, कुणाच्या यजमानांना बाटलीची सवय जडलीय, सगळं तिला ठाऊक. पण त्यातलं चकार अक्षर तिनं कधी बाहेर काढलं नाही. दुसऱ्याच्या खासगीत नाक खुपसायचं नाही हा त्या गावाचा धर्मच होता. रविवारच्या चर्चपेक्षा तो जास्त निष्ठेनं पाळला जाई.

अशा बाईनं खुनाची कादंबरी लिहावी ही गंमतच. पण १९३४ साली इंग्लंडात खुनाच्या कादंबऱ्यांचं असं वेड होतं की आज अमुक वाचली, उद्या तमुक, आणि लोक चहाच्या टेबलावर खुनी ओळखायच्या पैजा लावत. हेस्टरनं दोन हिवाळे खपून एक लिहिली आणि लंडनच्या प्रकाशकाला पाठवली. मार्चमध्ये उत्तर आलं. पत्र लहान होतं, पण तिनं ते उभ्याउभ्या तीनदा वाचलं.

‘आम्हाला पुस्तक हवं आहे,’ असं त्यात होतं. ‘पण पाद्री त्या रात्री कुठं होता? आणि कोठीतल्या दिव्याचा पुरावा शेवटच्या पानावर आभाळातून पडतो. वाचकाशी हा अन्याय आहे. सोमवारी छापायच्या पुस्तकांची यादी पक्की होईल. त्याआधी दुरुस्त प्रत मिळाली तर पाहू, नाहीतर नाही.’

पत्र आलं ते मंगळवारी. शुक्रवारी दुपारची टपाल गाडी गाठली तरच प्रत वेळेत पोचणार होती. वय एक्कावन्न. असं पत्र पुन्हा येणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

गोष्ट अशी होती. म्हाताऱ्या मेजर गॅरडला रात्रीच्या दुधातून विष दिलं जातं. पुतणी त्याच आठवड्यात तणनाशक विकत घेते आणि दुकानाच्या विषविक्रीच्या नोंदवहीत सही करते. पाद्रीबाबा रात्री मागच्या फाटकातून चोरासारखे आत शिरताना दिसतात आणि विचारल्यावर खोटं बोलतात. हे दोन चकवे. खरी खुनी नर्स लिली. ती सांगते, साडेआठला दूध ठेवायची कोठी बंद करून मी झोपायला गेले. शेवटी गुप्तहेराला कुणाचं तरी पत्र येतं, की सव्वानऊला कोठीत दिवा होता. झाली नर्स गजाआड.

आणि पाद्रीबाबा? त्यांच्याबद्दल पुढं एक ओळ नाही. हेस्टरनं मुद्दामच लिहिली नव्हती. ते निर्दोष ठरले, मग त्यांचं खासगी आपण कशाला उकरायचं? कागदावरच्या माणसाचीसुद्धा अब्रू झाकणारी बाई ती.

ती तडक शेजारच्या ग्वेन प्रॉसरकडे गेली. ग्वेन बेकरीवाल्याची बायको, तोंडानं फटकळ.

“मी तुला तेव्हाच सांगणार होते,” ग्वेन पिठाचे हात पुसत म्हणाली. “तू वाचून दाखवलंस ना आम्हाला, त्या रात्री मला झोप नाही. मेला तो पाद्री गेला कुठं?”

“मग बोलली का नाहीस गं?”

“तू वाईट वाटून घेतलं असतंस. आणि हल्मसाहेब काय म्हणाले आठवतं? ‘चहा छान होता, मिस क्राउच.’”

हेस्टरला आठवलं आणि तिचे कान तापले. हल्म निवृत्त स्टेशनमास्तर. आठवड्याला दोन खून पचवणारा माणूस. त्याच्यासारख्यानं गोष्टीनंतर फक्त चहाची तारीफ करणं म्हणजे तोंडावर थुंकणंच. सगळा गाव सभ्यपणे गप्प बसला आणि तिचं पुस्तक बुडायला निघालं. मला विचाराल तर त्या गावाला सभ्यपणाचंच विष चढलं होतं.

“पण पाद्री काय करत होता?” ग्वेननं विचारलं.

“माळ्याच्या खोपटात रेडिओवर घोड्यांच्या शर्यतीचा निकाल ऐकत होता. बिशपला कळलं असतं तर चर्च गेलं असतं.”

ग्वेन एवढी हसली की पिठाचा ढग उडाला. “आणि हे तू आमच्यापासून लपवलंस?”

त्या हसण्यानं हेस्टरच्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं. हसणारा माणूस शंका घेत नाही. खोपटाची खिडकी कोठीसमोरच आहे. म्हणजे पाद्रीबाबांनीच तो दिवा पाहिलेला असणार. आभाळातल्या पत्राची गरजच काय?

ती घरी पळाली. नर्सचं ते ‘साडेआठला कोठी बंद केली’ वाक्य तिनं तिसऱ्या प्रकरणात आणलं, मेजरचं पथ्य आणि मांजराचं दूध यांच्या मधोमध, आणि नर्सच्याच तोंडी ठेवलं. पात्रानं खोटं बोलावं, निवेदनानं नाही. पुतणीचा चकवा तिनं सातव्यात सोडवला, तोही न सांगता. गुप्तहेर बागेतून चालतो आणि पायवाटेवरचं गवत मुळापासून जळालेलं दिसतं, बस. तणनाशक गेलं ते तिथं. पण ती सुटली की वाचक रिकामा राहतो. म्हणून त्याच प्रकरणात पाद्रीबाबा फाटकातून शिरले. एक संशय मावळायच्या आत दुसरा उगवला पाहिजे.

मग अकरावं प्रकरण. पाद्रीबाबा घाम पुसत कबुली देतात: ‘सव्वानऊला रेडिओवर निकाल सांगितला. माझा घोडा शेवटून दुसरा. कपाळाला हात लावून मी कोठीतल्या उजेडाकडे बघत बसलो आणि देवाची क्षमा मागितली.’ चकवा सुटला आणि सुटतासुटता खरा पुरावा वाचकाच्या ओंजळीत टाकून गेला. शेवटी पान उलटून मागं पाहिलं तर सगळं जागच्या जागी. यालाच खूनकथांचे शौकीन चोख खेळ म्हणतात.

गुरुवारी दुपारी तिनं ग्वेन आणि हल्म दोघांना बोलावलं. शेवटची दोन प्रकरणं सोडून सगळं वाचलं. सातव्यात पुतणीवर अडून बसलेले हल्म गवताशी येताच पाद्रीवर घसरले. अकराव्यात ग्वेन पुन्हा खिदळली, आणि हल्मसुद्धा मिशीत हसले. हेस्टरनं कागद ठेवले.

“बोला. खुनी कोण?”

“तो गुप्तहेराचा मदतनीस,” ग्वेन म्हणाली. “सारखा हसतो मेला.”

हल्मनी मिशीला पीळ दिला. “माळी. पाद्रीला खोपटात अडकवून ठेवलं त्यानं. हे चुकायचं नाही, मिस क्राउच. चाळीस वर्षं मी गाड्यांच्या वेळा जुळवल्यात.”

हेस्टरनं उरलेलं वाचलं. नर्सचं नाव आलं.

हल्मनी हात पुढं केला. “अकरावं द्या जरा.”

त्यांनी चष्मा लावला. कबुलीचं पान वाचलं, मग तिसरं प्रकरण काढून मांजराच्या दुधाची ओळ शोधली, मग पुन्हा अकरावं. हेस्टर त्यांचं बोट ओळींवरून फिरताना बघत होती. या माणसाला पुन्हा फसवल्यासारखं वाटलं, तर लंडनलाही तसंच वाटणार होतं.

“साडेआठला बंद. सव्वानऊला उजेड,” हल्म हळू म्हणाले. मान लाल झाली होती. “दोन्ही वेळा तुम्ही माझ्या तोंडावर वाचल्यात. आणि मी हसत होतो.”

“म्हणजे मी फसवलं का तुम्हाला?”

“छे हो. मी स्वतःला फसवलं.” त्यांनी पानं काळजीपूर्वक क्रमानं लावली. “फार वाईट वाटतंय. आणि फार मजा आली.”

मग या माणसानं, ज्यानं जन्मात कुणाच्या खासगीत तोंड घातलं नव्हतं, थेट विचारलं, “मिस क्राउच, तुम्ही दुसरी लिहायला घेतलीय का?”

हेस्टरनं आजवर असा खासगी प्रश्न कुणालाही करू दिला नव्हता. “हो,” प्रत उद्याच्या टपालासाठी बाजूला ठेवत ती म्हणाली. “त्यात सहा संशयित आहेत. बसा ना, सांगते.”